व्याख्यानमालेत पहिल्या वक्त्याची ओळख वेगळी, शेवटच्याची वेगळी: कशी लिहायची, कशी बोलायची

आमच्या गावात दरवर्षी 5 दिवसांची व्याख्यानमाला असते, सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा, आणि तिचं सूत्रसंचालन गेली 9 वर्षं माझ्याकडे आहे. पहिली दोन-तीन वर्षं मी एक साचा बनवला होता आणि पाचही वक्त्यांना त्यातूनच काढायचे, म्हणजे आधी शिक्षण, मग पुरस्कार, मग पुस्तकं, मग "जोरदार टाळ्यांनी स्वागत करूया". सोमवारी ते कसंबसं खपायचं. पण एका शुक्रवारी मी त्याच चढ्या आवाजात "नमस्कार मंडळीऽऽ" केलं आणि मला स्वतःलाच जाणवलं की घरात निवांत गप्पा चालल्यात आणि मी बँडबाजा घेऊन आत शिरलेय. चार दिवस एकत्र बसलेली माणसं होती ती, त्यांना उठवायची गरजच नव्हती.

तेव्हापासून सोमवारची ओळख आणि शुक्रवारची ओळख मी वेगळी लिहिते. मधल्या तीन दिवसांबद्दल इथे फार बोलणार नाही, तिथे साधी नीट ओळख चालून जाते. गडबड होते ती दोन टोकांना.

आधी फरक कुठे आहे ते बघू. सोमवारी सभागृहात 150 माणसं असतील तर ती 150 सुटी माणसं असतात. कोणी ऑफिसमधून आलंय, कोणाला नातवाने सोडलंय, कोणी उद्घाटनाला बोलावलं म्हणून आलंय आणि अर्ध्या तासात सटकणार आहे. त्यांच्यात एकच गोष्ट समान असते, हे गाव. म्हणून पहिल्या दिवशी ओळखीत जे संदर्भ द्यायचे ते सभागृहाच्या बाहेरचे, सगळ्यांच्या घरातले, रस्त्यावरचे. शुक्रवारी त्यातली निम्मी तरी माणसं रोज आलेली असतात, त्यांच्याकडे आता चार दिवसांची सामायिक शिदोरी असते, काही शब्द, एखादा विनोद, एखादा अर्धवट राहिलेला प्रश्न. म्हणून शेवटच्या दिवशीचे संदर्भ सभागृहाच्या आतले. आणि जोर? सोमवारी जोर माइकवरून सभागृहात जायला लागतो, कारण तिथे अजून काहीच नाहीये. शुक्रवारी तो सभागृहात असतोच, आपण फक्त मध्ये यायचं नाही.

पुढचं सगळं मी दोन वर्षांपूर्वीच्या मालेवरून सांगते, विषय होता पाणी. सोमवारी भूजलाचे अभ्यासक, मंगळवारी पाणलोटाचं काम केलेले एक शेतकरी, बुधवारी दातांच्या डॉक्टर (पाण्यातल्या फ्लोराईडवर बोलल्या), गुरुवारी पाणीपुरवठ्यातले निवृत्त इंजिनियर आणि शुक्रवारी बारवांचा अभ्यास करणाऱ्या एक वास्तुरचनाकार.

साधारण 8 दिवस आधी: पहिल्या वक्त्याला फोन

बायोडेटा व्हॉट्सअ‍ॅपवर येतोच, दोन पानं, त्यातलं जास्तीत जास्त तीन ओळी वापरायचं असं आधीच ठरवून टाका. फोन करायचा तो दुसऱ्याच कारणासाठी. मी दोनच प्रश्न विचारते. "तुमच्या पहिल्या पाच मिनिटांत काय आहे?" आणि "लोक तुम्हाला सगळ्यात जास्त वेळा काय विचारतात?" पहिला प्रश्न अशासाठी की त्यांची सुरुवात मी आधीच बोलून टाकू नये. दुसऱ्याच्या उत्तरात बहुतेक वेळा तुमची पूर्ण ओळख तयार मिळते. भूजलवाल्या सरांनी पटकन सांगितलं, "लोक विचारतात, शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागलं, माझ्या का नाही?" मला आणखी काहीच नको होतं.

नावाचा उच्चार, आडनावातला अनुस्वार, "डॉक्टर" लावायचं की नाही, हे याच फोनवर विचारून घ्या आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. पहिल्याच वक्त्याने बोलायला उभं राहून "थोडी दुरुस्ती करतो" असं म्हटलं की पुढे पाच दिवस निवेदकावर कोणी विश्वास ठेवत नाही.

सोमवारची ओळख लिहिणं

इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रास्ताविक आणि परिचय एकत्र करणं. मालेचं हे कितवं वर्ष, कोणी सुरू केली, देणगीदार कोण, यंदा हाच विषय का, हे सगळं प्रास्ताविकात जातं आणि ते कार्यवाहांनी करावं. तुम्ही परिचयाला उभे राहाल तोपर्यंत दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, अध्यक्षांचे "दोन शब्द" होऊन 25 मिनिटं गेलेली असतात आणि लोक खुर्चीत सरकायला लागलेले असतात. अशा वेळी परत "आजपासून सुरू होणारा हा ज्ञानयज्ञ" वगैरे सुरू केलंत तर संपलं. परिचय सरळ माणसाच्या घरात शिरला पाहिजे.

मी जे बोलले ते साधारण असं होतं:

"या सभागृहातल्या बहुतेकांच्या घरी बोअर आहे. घरी नाही तर शेजारी आहे. आणि बोअर मारताना रात्रभर गाडीपाशी उभं राहणं काय असतं ते तुम्हाला माहितीये. धूळ उडते, फूट वाढतात, पैसे वाढतात. आपल्याला दोनशे फुटांवर कोरडं लागतं आणि भिंतीपलीकडे नव्वद फुटांवर धो धो पाणी. मग आपण म्हणतो नशीब. आजचे पाहुणे म्हणतात, नशीब नाही, खडक. भूशास्त्र शिकले, नोकरीत हजारो विहिरींची पाणीपातळी मोजली, निवृत्त झाले आणि तरीही मोजतायत. मोजायची टेप आजही त्यांच्या पिशवीत आहे, मी मघाशी बघितली. शेजाऱ्याला पाणी आणि आपल्याला धूळ, असं का होतं, हे सांगायला आपल्यासमोर येतायत..." आणि मग नाव.

हे घड्याळ लावून एक मिनिटाच्या आसपास जातं, थांबे धरून थोडं जास्त. पहिल्या दिवशी दीड मिनिटापर्यंत चालतं, त्यापुढे नाही. यात काय आहे ते बघा. पुरस्कार एकही नाही. वाक्यं छोटी आहेत, कारण सोमवारी मागे खुर्च्या ओढल्या जात असतात, उशिरा येणारे चपला काढत असतात, आणि लांब वाक्याचं शेपूट त्या आवाजात हरवतं. महत्त्वाची गोष्ट दोनदा आलीये, सुरुवातीला चित्र म्हणून आणि शेवटी प्रश्न म्हणून, जो उशिरा आला त्यालाही धागा मिळतो. नाव अगदी शेवटी आहे, म्हणजे टाळी आपोआप नावावर पडते, "जोरदार टाळ्या" मागाव्या लागत नाहीत.

आणि यात पुढच्या चार दिवसांबद्दल एक शब्द नाही. हे मी मुद्दाम करते. मोह होतो की "आज भूजल, उद्या पाणलोट, परवा..." असं सांगून लोकांना रोज यायला लावावं. पण ते व्याख्यान संपल्यावर, माणसं उठायच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात सांगायचं. ओळखीत सांगितलं की पहिला वक्ता म्हणजे नुसती नांदी वाटायला लागतो. आणि त्याहून वाईट म्हणजे "सरांनी पाण्याच्या सगळ्या पैलूंवर प्रकाश टाकावा" असं म्हणणं. बिचाऱ्याने एकाच पैलूची तयारी केलीये!

सोमवारी आवाज कसा

जोर म्हणजे ओरडणं नाही. मी तीन गोष्टी करते. पहिलं वाक्य शेवटच्या रांगेत बसलेल्या कोणाकडे तरी बघून बोलते, त्याने आवाज आपसूक तेवढा जातो. नेहमीपेक्षा किंचित वेगात सुरू करते आणि प्रश्नापाशी येऊन एकदम सावकाश होते. आणि कागद हातात असला तरी पहिली दोन वाक्यं पाठ असतात. वक्त्याकडे वळायचं ते फक्त नाव घेताना, आधी नाही, नाहीतर ओळख तुम्ही त्यांनाच वाचून दाखवताय असं दिसतं.

चुकतंय हे कसं कळतं? तुमच्या तिसऱ्या वाक्याला जर लोक अजून स्टेजवरच्या हारांकडे किंवा मोबाईलमध्ये बघत असतील तर पुढचं अर्धं गाळा आणि सरळ प्रश्नावर या. उलट बाजूने, लोक हसले, टाळी पडली आणि तुम्हाला मजा यायला लागली तर तेही धोक्याचंच, कारण पहिल्या वक्त्याला तुमच्या टाळीनंतर शून्यापासून उभं राहायचं असतं. ओळख अशा ठिकाणी सोडा जिथे लोकांना उत्तर हवंय. हसून मोकळे झालेले लोक वाट बघत नाहीत.

मधले दिवस: वहीचं काम

शुक्रवारची ओळख शुक्रवारी लिहिता येत नाही. सोमवारपासून मी एक वही ठेवते आणि रोज रात्री फक्त तीन ओळी लिहिते. वक्त्याचं एक वाक्य जसंच्या तसं, लोक बाहेर चहाला उभे असताना जे एकमेकांना परत सांगत होते ते, आणि उत्तर न मिळालेला एक प्रश्न. बहुतेक जण पहिली ओळ लिहितात आणि बाकीच्या दोन सोडतात, पण सोनं खालच्या दोन ओळींतच असतं. मला आवडलेलं वाक्य सभागृहाला लक्षात असेलच असं नाही. चहाच्या टपरीवर जे पुन्हा बोललं गेलं तेच लोकांचं झालेलं असतं.

त्या वर्षी सोमवारचं वाक्य होतं, "आपल्या काळ्या खडकात पाणी हौदात नसतं, भेगेत असतं." महाराष्ट्राचा मोठा भाग बेसाल्टचा, आणि अखंड बेसाल्टात पाणी मुरतच नाही, ते वरच्या झिजलेल्या थरात आणि फटींत साठतं, हे सरांनी त्या एका वाक्यात बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी टपरीवर माणसं "आमच्या नशिबात भेग नाही" असं म्हणून हसत होती. आणि मंगळवारी प्रश्नोत्तरांत पुढे बसणाऱ्या एका आजींनी विचारलं, "यंत्रं नव्हती तेव्हा लोकांना जागा कशी कळायची हो?" वेळ संपला होता, प्रश्न तसाच राहिला.

दोन दिवस आधी: शेवटच्या वक्त्याला फोन

शेवटच्या वक्त्याची पंचाईत अशी असते की आधी काय काय बोलून झालंय हे त्याला ठाऊक नसतं. तो येतो आणि बहात्तरच्या दुष्काळापासून सुरू करतो, जे आधीच्या तिघांनी केलेलं असतं, आणि रोज येणारे लोक एकमेकांकडे बघतात. म्हणून बुधवारी रात्री 10 मिनिटांचा फोन. झालेल्या तीन व्याख्यानांचं एकेक वाक्य सांगायचं, गुरुवारचं गुरुवारी रात्री मेसेज करायचं. आणि मग, हे अगदी महत्त्वाचं, "मी ओळखीत या दोन गोष्टींचा उल्लेख करणार आहे, चालेल ना?" असं विचारायचं.

हे मी एकदा विचारलं नव्हतं. दुसऱ्या एका वर्षी मीच हुशारी करून पहिल्या आणि शेवटच्या विषयाचा एक सुंदर दुवा जोडला, आणि स्टेजवर बसलेल्या पाहुण्यांनी खिशातून पेन काढून त्यांच्या कागदावर काहीतरी खोडलं. त्यांचा शेवटचा मुद्दाच तो होता. दुवा वक्त्याला जोडू द्या, आपण दोन टोकं जवळ आणून ठेवायची फक्त.

शुक्रवारची ओळख

"सोमवारी आपण इथे ऐकलं की आपल्या काळ्या खडकात पाणी हौदात नसतं, भेगेत असतं. भेग सापडली तर विहीर, नाहीतर नुसता खड्डा." इथे थांबले. "मंगळवारी आपल्यातल्या एका आजींनी विचारलं, यंत्रं नव्हती तेव्हा लोकांना जागा कशी कळायची? आपल्याकडे वेळ नव्हता, प्रश्न राहून गेला. आजच्या पाहुण्या वास्तुरचनाकार आहेत. गेली काही वर्षं मराठवाड्यातल्या जुन्या बारवांमध्ये उतरतात, पायऱ्या मोजतात, नकाशे काढतात. आजींचा प्रश्न मी त्यांना फोनवर सांगितला. त्या म्हणाल्या, आजींना पुढे बसवा." आणि नाव.

पाऊण मिनिट जेमतेम. सोमवारपेक्षा लहान, आणि ते बरोबर आहे, कारण अर्धं काम चार दिवसांनी केलेलं असतं. वाक्यं इथे थोडी लांब चालतात, लोक शांत बसलेले असतात. आवाज रोजच्या बोलण्याचा, सुरुवात सावकाश, "नमस्कार मंडळी"ची आरोळी नाही, आणि पहिल्या वाक्यानंतरचा थांबा सोमवारपेक्षा दुप्पट लांब, तेवढ्यात लोक मनात सोमवारी जाऊन येतात. मीही शेवटच्या रांगेकडे नाही, पहिल्या दोन रांगांकडे बघून सुरू केलं. पण सावकाश म्हणजे रडका सूर नव्हे हां! "आज निरोपाची वेळ, मन जड झालंय" असलं काही शेवटच्या वक्त्याच्या आधी म्हणायचंच नाही. त्या बाईंचं व्याख्यान अजून व्हायचंय, त्यांच्यासाठी हा पहिलाच दिवस आहे.

आता यातले सांभाळायचे मुद्दे. शुक्रवारी नवीन माणसंही येतात, बऱ्याचदा शेवटचं नाव मोठं असतं म्हणून सोमवारपेक्षा जास्त येतात. त्यामुळे प्रत्येक जुना संदर्भ अर्ध्या वाक्यात उलगडून द्यायचा. नुसतं "भेगेत असतं, आठवतंय ना?" म्हटलं असतं तर रोजचे हसले असते आणि नवे शेजाऱ्याकडे बघत बसले असते. ते दृश्य दिसलं की समजा चुकलं, आणि लगेच एक वाक्य जोडा, "सोमवारी भूजलाच्या सरांनी सांगितलं होतं की..." एवढं पुरतं. "रोज आलेल्यांनी हात वर करा" हा प्रकार मी करत नाही. हात वर करणाऱ्यांना छान वाटतं, पण बाकीचे त्याच क्षणी पाहुणे होतात.

दुसरं, संदर्भ दोनच. चारही वक्त्यांना न्याय द्यायचा म्हणून चारही व्याख्यानांचा सारांश सुरू केला की चार मिनिटं जातात आणि ती ओळख राहत नाही, अहवाल होतो. मग डॉक्टर आणि इंजिनियर राहिले त्यांचं काय? त्यांची नावं आभारात. नीट, पूर्ण, कामाच्या उल्लेखासह. आमच्याकडे यावरून एकदा रुसवा झालाय, तेव्हापासून आभाराच्या कागदावर सगळी नावं आहेत की नाही हे मीच तपासते.

तिसरं, तुलना. "आजवर एकाहून एक सरस व्याख्यानं झाली आणि आज त्यावर कळस चढणार" हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलंय की तोंडातून निघूनच जातं. आधीचे चार जण पायरीचे दगड झाले आणि पाचव्यावर कळसाचं ओझं. गाळा.

आभार कधी

शेवटच्या दिवशी कार्यवाह हमखास म्हणतात, "व्याख्यान संपलं की लोक पळतात, आभार आधीच घेऊन टाकू." त्यांचं चूक नाही, पळतातच. पण ओळख आणि व्याख्यान यांच्यामध्ये 12 मिनिटांचे आभार घुसले की आजींचा प्रश्न थंड होतो. आमच्याकडे आता अशी तोड काढलीये की मंडपवाले, साउंडवाले, देणगीदार यांची नावं सुरुवातीलाच, वक्ता स्टेजवर यायच्या आधी, कार्यवाह वाचतात. मग मी ओळख करून देते, लगेच व्याख्यान. शेवटी फक्त वक्त्यांचे आभार, दीड मिनिट, आणि पसायदान. पसायदानासाठी लोक थांबतात.

माला किती दिवसांची आहे त्यावर शुक्रवारचं गणित बदलतं. 3 दिवसांच्या मालेत संदर्भ एकच पुरे. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला महिनाभर चालते, तिथे रोज नवा विषय, नवे श्रोते. अशा लांब मालेत शेवटच्या दिवशी पहिल्या आठवड्यातलं वाक्य काढलंत तर ते कोणालाच आठवणार नाही, तिथे मागच्या दोन-तीन दिवसांतलं घ्या, किंवा व्याख्यानातलं न घेता जागेतलं घ्या, रोज आठच्या सुमाराला जाणारी वीज, अवकाळी पावसाने हलवलेला कार्यक्रम, असं जे सगळ्यांनी मिळून सोसलंय. आणि शेवटचा वक्ता ऐनवेळी बदलला, जे होतंच, तर जुने संदर्भ नव्या वक्त्याच्या विषयाला ओढूनताणून चिकटवू नका. एक संदर्भ बसला तर ठेवा, नाहीतर साधी नीट ओळख करून द्या आणि बाजूला व्हा.

त्या शुक्रवारी बाईंनी बोलायला सुरुवात केली ती आजींकडे बघूनच, आणि पहिली पाच मिनिटं माइकपासून जरा लांब उभं राहून बोलल्या. साउंडवाल्याने मला खुणेने विचारलं, जाऊन सांगू का? मी नको म्हटलं, मागपर्यंत ऐकू येत होतं.